टीव्ही म्हणतो वाय-फाय जोडलंय, पण इंटरनेट नाही (तेही फक्त सकाळी!)

मोगरा (सोमवार, सकाळी ८:२५)

नमस्कार मंडळी. आम्ही धायरीला राहतो, घरी आम्ही दोघंच. चिरंजीव नोकरीसाठी बंगळुरात. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं होतं, त्यात एकदा वीज बराच वेळ गेली, आणि तेव्हापासून टीव्हीचं हे सुरू झालंय. सकाळी सहाला हे उठून यूट्यूबवर अभंग लावतात. तर टीव्हीवर वाय-फायची खूण पूर्ण भरलेली, घराच्या नावासमोर `Connected, no internet`, आणि यूट्यूब गोल गोल फिरत बसतं. त्याच वेळी माझ्या फोनवर त्याच वाय-फायवर सगळं छान चालतं. दुपारी जेवायच्या सुमाराला टीव्ही आपोआप सुरू होतो, रात्री झोपेपर्यंत काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

टीव्ही बंद-चालू केला, राउटर बंद-चालू केला, पासवर्ड परत टाकला. नेटवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, तुमची लाइन ठीक आहे, टीव्ही कंपनीला विचारा. टीव्ही कंपनी म्हणते नेटवाल्याला विचारा. आता तुम्हाला विचारतेय.

जुगाडू बंड्या (सोमवार, ८:४१)

मोगराताई, डीएनएस बदला. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये `8.8.8.8` टाका. आमच्याकडे डिट्टो हाच प्रॉब्लेम होता, दोन मिनिटांत सुटला.

कट्ट्यावरचा पक्या (सोमवार, ८:५०)

सकाळी बंद आणि दुपारी एक ते चार चालू? मग हा राउटर पुण्यातला नव्हेच. बाहेरून बदली होऊन आलेला दिसतोय.

शशांक_वारजे (सोमवार, ९:०५)

टीव्हीचं घड्याळ बघा. वीज गेली की काही टीव्हींची तारीख मागे जाते, मग यूट्यूबचं सुरक्षित कनेक्शनच होत नाही. माझ्या सासऱ्यांच्या टीव्हीत २०१५ साल दिसत होतं.

मोगरा (सोमवार, ९:२०)

तारीख-वेळ बरोबर आहे हो. मिनिटाचाही फरक नाही.

प्रभाकर दांडेकर (सोमवार, ९:३२)

आम्ही मागच्याच महिन्यात ५५ इंची घेतला. मोगराताई, तुमचा किती इंची? मोठ्या टीव्हीला जास्त स्पीड लागतो असं दुकानदार म्हणाला.

कट्ट्यावरचा पक्या (सोमवार, ९:३५)

काका, इंचांप्रमाणे नेट लागत असतं तर चौकातल्या जाहिरातीच्या पडद्याने अख्खी धायरी कोरडी पाडली असती.

तारेवरची कसरत (सोमवार, १०:१०)

मी गेली बरीच वर्षं ऑफिसांची आणि सोसायट्यांची नेटवर्कं लावून देतो, म्हणून थोडं सविस्तर.

मोगराताईंनी तीन गोष्टी सांगितल्यात आणि तिन्ही कामाच्या आहेत. फोन चालतो, म्हणजे बाहेरून येणारी लाइन आणि राउटर दोन्ही जिवंत आहेत. टीव्ही वाय-फायला जोडला जातो, म्हणजे पासवर्ड आणि सिग्नलचाही प्रश्न नाही. आणि तोच टीव्ही दुपारी चालतो, म्हणजे टीव्ही बिघडलेला नाही. बिघडलेली वस्तू घड्याळ बघून सुधारत नसते. घड्याळ बघून चालू-बंद होतो तो नियम. कुणीतरी राउटरमध्ये नियम लावलेला असावा असा माझा दाट संशय आहे.

दोन गोष्टी तपासा. एक, उद्या सकाळी टीव्ही अडला की तुमच्या फोनचा हॉटस्पॉट लावून टीव्ही त्याला जोडा. तिथे अभंग लागले की टीव्ही कायमचा निर्दोष. दोन, टीव्ही परत घरच्या वाय-फायला जोडा आणि नेटवर्कच्या पानावर त्या नावावर क्लिक करून `IP address` आणि `Gateway` समोर काय लिहिलंय ते इथे टाका. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर प्रकरण वेगळं, मग राउटरने टीव्हीला पत्ताच दिलेला नाही. आणि टीव्ही नेमका किती वाजता सुरू होतो ते पाहून ठेवा. "जेवायच्या सुमाराला" नको, घड्याळ लावून.

फॅक्टरी रिसेट मात्र कुणी सांगितलं तरी करू नका.

नितीन पौडफाटा (सोमवार, १०:४०)

कसरतभाऊंना +१, पण मला वाटतं हे मॅक फिल्टरिंग आहे. मॅक म्हणजे प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच मिळालेला त्याचा स्वतःचा पत्ता. माझ्याकडे फायबरच्या डब्यात मॅक फिल्टर चालू होतं, `Whitelist` मोडमध्ये. म्हणजे यादीत ज्याचा पत्ता त्यालाच प्रवेश. मोगराताई, टीव्हीचा मॅक अ‍ॅड्रेस यादीत घाला, काम फत्ते.

तारेवरची कसरत (सोमवार, ११:०२)

नितीन, दिशा बरोबर आहे, दार वेगळं आहे. वाय-फायचं मॅक फिल्टर उभं असतं घराच्या दारात. ते ज्याला अडवतं तो आतच येत नाही. टीव्ही "जोडता आलं नाही" म्हणेल किंवा पासवर्ड चुकला म्हणेल, त्याला पत्तासुद्धा मिळणार नाही. इथे टीव्ही घरात येऊन बसलाय, पत्ताही मिळालाय बहुतेक, फक्त घरातून बाहेर पडू दिलं जात नाहीये. तो नियम राउटरमध्ये दुसऱ्या पानावर असतो. कुठे `Access Control` म्हणतात, कुठे `Parental Control`, कुठे `Firewall` खाली असतो.

घोळ असा की नेटवाल्यांच्या काही फायबर डब्यांत `Security` खालीही एक `MAC Filter` असतं आणि `WLAN` खाली दुसरं. नावं सारखी, कामं वेगळी. `Security` खालचं साधारणपणे बाहेर जाणारी वाहतूक अडवतं, म्हणजे तिथे "जोडलंय पण नेट नाही" हेच दिसेल. तुझ्याकडे कुठलं होतं?

नितीन पौडफाटा (सोमवार, ११:१५)

आता आठवतंय, `Security` खालचंच. आणि त्यात गंमत म्हणजे मी यादीत पत्ता घालूनसुद्धा टीव्ही चालेना. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा पत्ता बघून घातला होता. शेवटी कळलं की टीव्हीला दोन मॅक असतात, एक केबलचा, एक वाय-फायचा. स्टिकरवर केबलचा होता. टीव्हीच्या `About` मधून वाय-फायचा घेतला तेव्हा जमलं. त्यातही 8 आणि B मध्ये एकदा फसगत झाली, ते अक्षर किती बारीक!

अनघा कर्वेनगर (सोमवार, ११:४०)

मला वेगळंच विचारायचंय. मी पीजीत राहते, राउटर मालकांकडे. त्यांनी प्रत्येकीचे दोनच डिव्हाइस यादीत घातलेत. माझा फोन चालतो, पण स्टिक लावलेला टीव्ही नेहमी `no internet`. फोनचा मॅक टीव्हीला देता येतो का?

तारेवरची कसरत (सोमवार, १२:०५)

टीव्हीत तशी सोय बहुतेक नसते. लॅपटॉपवर करता येतं, पण एकच मॅक दोन उपकरणांवर एका वेळी चालवला तर दोन्हींचं नेट अडखळेल. शिवाय मालकांनी हात राखून दिलेलं नेट आहे, त्यांना सांगूनच काय ते करा. लॅपटॉप यादीत असेल तर त्याचा हॉटस्पॉट टीव्हीला देता येईल, राउटरला तो एकच डिव्हाइस दिसतो. मालकांना चालेल का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मोगरा (मंगळवार, सकाळी ७:१८)

हॉटस्पॉटवर टीव्ही चालला! ह्यांचे अभंग झाले, माझा डेटा संपत आला. घरच्या वाय-फायवर परत तेच रडगाणं. टीव्हीत लिहिलंय:

```
IP address  192.168.0.103
Gateway     192.168.0.1
DNS         192.168.0.1
```

माझ्या फोनचा पत्ता 192.168.0.101 आहे. सुरू होण्याची वेळ दुपारी सांगते. राउटरचा पासवर्ड आमच्याकडे नाही हो. मुलगा दहावीला असताना ह्यांनी नेटवाल्या पोराकडून काहीतरी करून घेतलं होतं, तेव्हा त्याने काय पासवर्ड ठेवला कोण जाणे.

तारेवरची कसरत (मंगळवार, ७:४५)

"दहावीला असताना काहीतरी करून घेतलं होतं". हे वाक्य आधी सांगितलं असतंत तर धागा निम्म्यावर संपला असता. :)

राउटरचा पासवर्ड मिळेपर्यंत एक चाचणी टीव्हीवरूनच करा, आत्ता, टीव्ही अडलेला असतानाच. वाय-फायच्या नावावर क्लिक करून `IP settings` मध्ये राउटरकडून आपोआप पत्ता घेणाऱ्या `DHCP` ऐवजी `Static` निवडा आणि हे भरा:

```
IP address             192.168.0.50
Gateway                192.168.0.1
Network prefix length  24
DNS 1                  192.168.0.1
```

50 का, तर तुमचा राउटर शंभरच्या पुढचे आकडे वाटताना दिसतोय, 50 कुणाकडे असण्याची शक्यता नाही. आणि डीएनएस मुद्दाम तोच ठेवा, बंड्याचा 8.8.8.8 आत्ता घालू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर चाललं तर कशामुळे चाललं ते कळत नाही.

मोगरा (मंगळवार, ८:०४)

चाललं!!! लगेच! हे म्हणतायत, आता कुणी हात लावू नका.

जुगाडू बंड्या (मंगळवार, ८:१०)

म्हणजे डीएनएसचाच प्रॉब्लेम होता. आधीच म्हटलं होतं.

तारेवरची कसरत (मंगळवार, ८:२२)

बंड्या, डीएनएस आधी 192.168.0.1 होता, आताही तोच आहे. बदलला तो फक्त टीव्हीचा आयपी पत्ता. टीव्ही तोच, म्हणजे मॅकही तोच. राउटरने मॅकवर नियम लावला असता तर नुसता पत्ता बदलून सुटका झाली नसती. नियम 103 या आकड्यावर आहे. दहावीच्या वेळी 103 चिरंजीवांच्या फोनकडे किंवा टॅबकडे असणार. पोराने त्या आकड्याला कुलूप लावलं. पुढे टॅब घरातून गेला, आकडा मोकळा पडला. वीज गेली तेव्हा राउटरची आठवण पुसली, पाहुण्यांच्या फोनांनी इकडचे तिकडचे आकडे घेतले, आणि 103 टीव्हीच्या पदरात पडला. हा शेवटचा भाग माझा अंदाज आहे, पण असंच घडतं बहुतेक वेळा. भाडेकरू बदलला, कुलूप तेच.

एक कोडं मात्र सुटलेलं नाही. दहावीच्या मुलाला कुणी सकाळी का अडवेल? अडवायचं ते रात्री.

शशांक_वारजे (मंगळवार, ८:३०)

पहाटे उठून अभ्यास करावा म्हणून असेल. आमच्या वडिलांचंही तेच तत्त्व होतं.

मोगरा (मंगळवार, दुपारी १२:२०)

मी मुद्दाम टीव्ही परत `DHCP` वर ठेवला, पुन्हा 103 च मिळाला आणि पुन्हा बंद. (ह्यांनी कपाळाला हात लावला.) मग घड्याळ लावून बसले. बरोबर साडेअकराला सुरू झाला. आणि हे म्हणतात, नियम रात्री बारा ते सकाळी सहाचा लावून घेतला होता, त्यांना पक्कं आठवतंय. मग सकाळी का अडतो?

तारेवरची कसरत (मंगळवार, १२:४८)

सहा आणि साडेपाच मिळून साडेअकरा! राउटरचं घड्याळ ग्रिनिचवर राहिलंय. राउटर नेटवरून वेळ बरोबर घेतो, पण टाइम झोन कुणी भारताचा केलाच नाही. त्याच्या मते रात्रीचे बारा वाजतात तेव्हा धायरीत पहाटेचे साडेपाच झालेले असतात. आणि त्याचे सकाळचे सहा म्हणजे तुमचे साडेअकरा. यजमानांचा नियम इमानेइतबारे चाललाय, फक्त लंडनमध्ये.

कट्ट्यावरचा पक्या (मंगळवार, १२:५५)

थांबा थांबा. म्हणजे दहावीचं वर्षभर चिरंजीवांचा टॅब रात्री बारा ते पहाटे साडेपाच सुरू होता आणि शाळेत असताना बंद होता?

मोगरा (मंगळवार, १:३०)

आत्ताच बंगळुरात फोन केला. तो इतका वेळ हसत होता की शेवटी मीच ठेवला. त्याला माहीत होतं! म्हणाला, तुम्ही दोघं निवांत झोपायचात, मी कशाला बोलू. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालंय. तेवढा राउटरचा पासवर्ड मात्र त्याच्याकडून मिळाला. आता कुठे काय करू ते सांगा.

तारेवरची कसरत (मंगळवार, २:१५)

फोनच्या ब्राउझरमध्ये `192.168.0.1` टाका. मेनू राउटरप्रमाणे थोडे वेगळे असतात, पण तुमचा जुना दिसतोय, तेव्हा साधारण असे असतील. आधी `System Tools` मध्ये `Time Settings` उघडा, तिथे दिसणारी वेळ तुमच्या घड्याळाशी ताडून बघा. मग `Access Control` मध्ये `Rule`. वरती `Enable Internet Access Control` समोर टिक असेल. त्याखाली मूळ धोरण काय आहे ते नीट वाचा: नियमात बसणाऱ्यांना `Deny`, की नियमात बसणाऱ्यांनाच `Allow`. हे वाचल्याशिवाय काही पुसू नका. `Allow` असेल आणि तुम्ही यादीतली ओळ पुसलीत, तर त्या ओळीमुळे ज्याला नेट मिळत होतं त्याचंही जाईल.

मोगरा (मंगळवार, ४:४०)

माझ्या घड्याळात ४:३२, राउटरच्या पानावर ११:०२. साडेपाच तासांचा फरक, अगदी बरोब्बर. `Access Control` मध्ये टिक आहे, धोरण `Deny` आहे आणि खाली एकच ओळ आहे, नाव `Tab`. `Host` मध्ये 192.168.0.103. वेळ 0000 ते 0600, सगळे वार.

तारेवरची कसरत (मंगळवार, ५:०५)

झालं तर मग. ती ओळ पुसा, टॅब आता घरात नाहीच. टाइम झोन `GMT+05:30` करून `Save`. आणि `DHCP` मध्ये `Address Reservation` म्हणून पान असतं, तिथे टीव्हीचा वाय-फायवाला मॅक घालून त्याला एखादा आकडा कायमचा बांधून द्या. टीव्ही `DHCP` वरच राहू दे. राउटर आणि टीव्ही एकदा बंद-चालू करा.

पुढेमागे नातवंडांसाठी नियम लावायची वेळ आली तर तो आकड्यावर न लावता मॅकवर लावा. आकडा आज याचा, उद्या त्याचा.

नितीन पौडफाटा (मंगळवार, ५:३०)

मॅकवर लावला तरी आजकालची पोरं हुशार आहेत. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी बनावट मॅक वापरतो. माझ्या भाच्याने नेटवर्क `Forget` करून परत जोडलं की नवीन मॅक, नियम गेला उडत.

तारेवरची कसरत (मंगळवार, ५:५२)

निम्मं खरं. बनावट मॅक असतो, पण साधारणपणे एका वाय-फायसाठी तो एकच ठरलेला राहतो, नुसतं `Forget` करून बहुतेक फोनांत बदलत नाही. फोन फॅक्टरी रिसेट केला की बदलतो. भाच्याने बहुधा वाय-फायच्या सेटिंगमध्ये `Randomized MAC` वरून `Device MAC` वर उडी मारली असेल. ओळखायची खूण अशी: मॅकचं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल तर तो फोनने स्वतः तयार केलेला पत्ता, कारखान्यातला नव्हे. काही नवे टीव्ही आणि स्टिकाही असा पत्ता वापरतात, म्हणूनच मी सुरुवातीला रिसेट करू नका म्हटलं होतं. नियम लावायचाच तर आधी फोनवर `Device MAC` करून मग लावायचा. भाच्याच्या हाती फोन असेपर्यंत त्यालाही अर्थ नाही म्हणा.

नितीन पौडफाटा (मंगळवार, ६:१०)

मी तरी `Whitelist` बंद करणार नाही. शेजारचे पासवर्ड मिळवून बसले तरी यादीत नसतील तर काही चालणार नाही.

तारेवरची कसरत (मंगळवार, ६:२५)

यादीतल्या एखाद्या फोनचा मॅक हवेतून वाचता येतो आणि लॅपटॉपला लावता येतो, त्याला फारसं डोकं लागत नाही. मॅक वाय-फायवर उघडाच फिरत असतो. मी लांब पासवर्ड ठेवतो आणि यादी ठेवत नाही. पाहुणा आला की राउटरच्या पानावर धावायला कोण बसलंय.

नितीन पौडफाटा (मंगळवार, ६:३१)

तुमचे शेजारी बरे असतील. आमच्या मजल्यावर एक इंजिनिअर नाही, यादी पुरते.

प्रभाकर दांडेकर (मंगळवार, ७:१५)

हे सगळं वाचलं. आमच्या राउटरच्या पानावर १ जानेवारी १९७० दाखवतंय. बिघडला का?

तारेवरची कसरत (मंगळवार, ७:३०)

नाही काका. जुन्या राउटरांत घड्याळाला सेल नसतो, वीज गेली की बरेचसे १९७० पासून मोजायला लागतात आणि नेटवरून खरी वेळ मिळाली की सुधारतात. तुमच्याकडे ती मिळत नाहीये एवढंच. वेळेचे नियम लावले नसतील तर तुम्हाला काडीचाही फरक पडणार नाही.

मोगरा (बुधवार, सकाळी ६:४०)

अभंग सुरू आहेत, आवाज नेहमीपेक्षा मोठा. कसरतभाऊ, फार फार आभार. नोंद करून ठेवते: टीव्हीला 192.168.0.110 बांधून दिलाय, `Tab` ची ओळ पुसली, वेळ बरोबर दिसतेय. चिरंजीव दिवाळीत येतोय. हे विचारतायत, त्याच्या फोनचा मॅक कुठे बघायचा.

अनघा कर्वेनगर (बुधवार, ९:०५)

मालकांना विचारलं. म्हणाले हॉटस्पॉट चालणार नाही, टीव्ही यादीत हवा असेल तर फोन काढावा लागेल, दोन म्हणजे दोन. लॅपटॉप काढू का फोन?

कट्ट्यावरचा पक्या (बुधवार, ९:१०)

पीजी काढा.